पेपर महागला, पण गळा कोणी आवळला? रबाळ्यातल्या बॉक्स कारखान्याचं प्रकरण

ठाण्यात संध्याकाळच्या मॅनेजमेंटच्या वर्गाला मी पाच बलांचं विश्लेषण शिकवतो. पुरवठादार, खरेदीदार, आपसातली चुरस, नव्याने येणारे आणि पर्याय, या पाचांपैकी धंद्यातला नफा कोण ओढून नेतो हे त्यात बघायचं असतं. वर्गातले बहुतेक जण दिवसभर नोकरी करून येतात. त्यामुळे पुस्तकातली विमान कंपन्यांची उदाहरणं दिली की माना डोलतात, पण पुढच्या आठवड्यात कोणाच्याही लक्षात काही राहिलेलं नसतं. म्हणून यंदा मी रबाळे एमआयडीसीतल्या एका पुठ्ठ्याच्या बॉक्सच्या कारखान्याची गोष्ट दहा ओळींत लिहून दिली. हा कारखाना माझ्या ओळखीचा आहे, त्याचं कॉस्टिंग मी बघतो. मालकांना सगळे दादा म्हणतात, मीही म्हणतो.

दिलेला मजकूर असा होता:

‘एक छोटा कारखाना पाच-पदरी पुठ्ठ्याचे बॉक्स बनवतो. कच्चा माल म्हणजे क्राफ्ट पेपर, तो वापीच्या मिलकडून डीलरमार्फत येतो. तीन आठवड्यांत पेपर किलोमागे 4 रुपयांनी महागला. कारखान्याची 70 टक्के विक्री एका मोठ्या कंपनीला होते. मालकाने भाववाढ मागितली, ती दोन महिन्यांनी आणि तीही अर्धीमुर्धी मिळाली. या काळात कारखाना तोट्यात गेला. येथे कोणतं बल काम करत आहे?’

पंचवीसपैकी सतरा जणांनी लिहिलं, पुरवठादारांची ताकद. कारण सरळ होतं: पेपर महागला आणि कारखाना तोट्यात गेला. पाच जणांनी ‘आपसातली चुरस’ असं उत्तर दिलं. तिघांनी खरेदीदाराची ताकद लिहिलं, पण त्यातल्या दोघांचं कारण एवढंच की ‘70 टक्के’ हा आकडा डोळ्यांत भरला.

गंमत म्हणजे दादांना विचारलं असतं तर त्यांनीही सतरा जणांचंच उत्तर दिलं असतं. गेल्या खेपेला मी कारखान्यात शिरलो तेव्हा ते गमच्या टाकीजवळ उभे होते. नुकत्याच चिकटवलेल्या ओल्या शीट्सवर वजन ठेवून ढीग वाळायला लावले होते, स्टिचिंग मशीनचं खटखट चालू होतं. मला बघून त्यांचं पहिलं वाक्य, "पेपरवाल्यांनी मारलं हो यंदा."

खरंच पेपरवाल्यांनी मारलं का, हे बघायला हिशेब मांडावा लागतो. मोठ्या कंपनीला जाणारा बॉक्स आतून 400 बाय 300 बाय 250 मिलिमीटरचा. उलगडला तर जोडाची पट्टी आणि कटिंग धरून त्याची शीट साधारण 1450 बाय 570 मिलिमीटर होते, म्हणजे पाऊण चौरस मीटरहून थोडी जास्त. तीन सपाट पदर 150 जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला 150 ग्रॅमचे, मधले दोन नागमोडी पदर 120 चे. नागमोडी पदराला सपाटपेक्षा सुमारे चाळीस टक्के जास्त कागद लागतो. सगळं मिळून 650 ग्रॅमच्या आसपास, आणि वाया जाणारा धरला की एका बॉक्सला 680 ग्रॅम पेपर.

पेपर 32 रुपये किलो होता तेव्हा एका बॉक्सचा कागद पडायचा 21 रुपये 76 पैसे. गम, पिना, वीज, मजुरी, टेम्पो धरून आणखी साडेपाच रुपये. विक्री 29 रुपये. म्हणजे भाडं आणि व्याज द्यायला हातात उरत होते बॉक्समागे 1 रुपया 74 पैसे. पेपर 36 झाला तसा खर्च 2 रुपये 72 पैशांनी वाढला आणि प्रत्येक बॉक्सवर 98 पैसे तोटा सुरू झाला. महिन्याला 22 हजार बॉक्स जातात, तेव्हा साडेएकवीस हजारांची भोकं दर महिन्याला. दादांनी 2 रुपये 75 पैसे वाढवून मागितले. मिळाला एक रुपया, तोही दोन महिन्यांनी.

इथपर्यंत वाचून सतरा जणांचं बरोबर वाटतं. पण कच्चा माल महागणं ही घटना झाली, पुरवठादारांची ताकद म्हणजे त्याहून वेगळी गोष्ट. ज्वारी महागली म्हणून शेतकरी बलवान झाला असं आपण म्हणत नाही. खर्च वाढला की तो कोणाच्या तरी अंगावर पडणारच, आणि तो पुढे ग्राहकाकडे सरकला की बॉक्सवाल्यावरच अडकला, हे बघितल्यावरच बल कुठलं ते कळतं. हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी 1979 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये पाच बलांची ही मांडणी केली तेव्हा प्रश्न असाच होता: धंद्यात तयार होणारा नफा शेवटी कोणाच्या खिशात जातो?

याचं उत्तर दादांच्याच वहीत होतं, आणि ते मी वर्गाला आधी दाखवलं नव्हतं. मुद्दामच.

दादांचा दुसरा धंदा आहे तो मिठाई-फरसाणवाल्यांचा. नौपाड्यापासून कळव्यापर्यंतची चाळीसेक दुकानं त्यांच्याकडून तीन-पदरी छापील डबे घेतात. एकेका दुकानाची ऑर्डर तीनशे-पाचशेची, महिन्याला मिळून 15 हजार. या डब्याला 280 ग्रॅम पेपर लागतो, म्हणजे त्याच दरवाढीने त्याचा खर्च 1 रुपया 12 पैशांनी वाढला. दादांनी 13 रुपयांचा डबा 14.25 केला. वहीत मोठ्या कंपनीच्या पानावर मागणीची तारीख आणि दर मिळाल्याची तारीख यांत 61 दिवसांचं अंतर आहे. फरसाणवाल्यांच्या पानावर ते अंतर चार दिवसांचं आहे. एका दुकानदाराने फोनवर कुरकुर केली, दुसऱ्या दिवशी त्याचाच माणूस माल न्यायला आला.

आता बघा, पेपर तोच, मिल त्याच, डीलर तोच, किलोमागे चार रुपये तेच. गम आणि माणसंही तीच. एकीकडे दरवाढ चार दिवसांत पुढे गेली, दुसरीकडे ती दोन महिने कारखान्यातच कुजली. दोन्ही पानांमध्ये फक्त घेणारा वेगळा आहे. पुरवठादाराची ताकद हे कारण असतं, तर दोन्ही पानांवर सारखंच रडगाणं दिसलं असतं. प्रकरणात एखादी गोष्ट सारखी ठेवून दुसरी बदललेली जोडी सापडली की ती सोन्यासारखी जपावी. बल ओळखण्यासाठी इतका स्वच्छ पुरावा सहसा मिळत नाही.

फरसाणवाल्यांपुढेही दुसरे बॉक्सवाले आहेतच की, मग ते का गेले नाहीत? डब्यावर दुकानाचं नाव छापण्यासाठी जो रबरी स्टिरिओ लागतो, तो दादांच्या कपाटात पडलेला असतो. दुसरीकडे जायचं तर नवीन करून घ्या, नमुना तपासा, आणि सव्वा रुपया वाचवायला सणाच्या तोंडावर गल्ल्यावरून उठा. शिवाय तीनशे डब्यांसाठी नवा बॉक्सवाला मशीन थांबवून सेटिंग बदलायला फारसा उत्सुक नसतो. मोठ्या कंपनीचं सगळं उलटं आहे. बॉक्सचं माप, जीएसएम, मजबुतीचा आकडा हे सगळं तिने स्वतः कागदावर ठरवून दिलेलं आहे. स्टिरिओ तिच्या मालकीचा. तोच कागद तिने महापे, तळोजा आणि भिवंडीतल्या आणखी सहा बॉक्सवाल्यांना दिला की पुढच्या सोमवारपासून कोणीही तोच बॉक्स बनवू शकतो. खरेदीदार जेव्हा मोठा असतो, माल प्रमाणित असतो आणि बदलायला त्याला खर्च येत नाही, तेव्हा त्याचा हात वरचा असतो. ताकद त्या तीन गोष्टींच्या जुळणीत आहे. एकट्या ‘70 टक्क्यां’त ती नाही.

याच ठिकाणी त्या दोन ‘बरोबर’ उत्तरांना मी पूर्ण गुण दिले नाहीत, आणि त्यावरून वर्गात थोडी हमरीतुमरी झाली. पाच बलांचं विश्लेषण एका कारखान्याचं नसतं, धंद्याचं असतं. दादांचे 70 टक्के एका गिऱ्हाइकाकडे आहेत हा दादांचा धोका झाला. ते त्यांच्या हट्टामुळे किंवा आळसामुळेही झालेलं असू शकतं. शेजारच्या दहा बॉक्सवाल्यांचे गिऱ्हाईक विखुरलेले असते, तर आपण म्हणालो असतो की दादांनी एका टोपलीत अंडी ठेवली, आणि बलाचं नाव घेतलं नसतं. म्हणून मी त्याच गल्लीतल्या आणखी चार कारखान्यांत विचारून आलो. चौघांचीही गोष्ट तीच निघाली. प्रत्येकाची अर्ध्याहून जास्त विक्री एका-दोन मोठ्या कंपन्यांना, सगळ्यांची दरवाढ महिनोन् महिने अडकलेली. एवढं झाल्यावर मग ते धंद्याचं लक्षण म्हणता येतं. चार कारखाने म्हणजे सर्वेक्षण नव्हे हे मला मान्य आहे, पण दहा ओळींच्या प्रकरणापेक्षा ते बरं.

तिसरी खूण मला सगळ्यात जास्त पटते. त्याच वर्षी पुढे पेपर खाली आला, 36 चा 33 झाला. मिलवाल्यांनी दर धरून ठेवला नाही, कारण रद्दी स्वस्त झाली आणि वापीची एक मिल उतरली की दुसरीला उतरावंच लागतं. पेपर उतरल्याच्या सहाव्या दिवशी कंपनीच्या परचेसवाल्यांची मेल आली: ‘पेपरचे दर खाली आले आहेत, सुधारित कोटेशन पाठवा.’ वर जाताना 61 दिवस, खाली येताना सहा. दर चढताना कासव आणि उतरताना ससा होत असेल, तर दोरी खरेदीदाराच्या हातात आहे असं खुशाल समजावं. पुरवठादार बलवान असता तर त्याने आपला दर खाली येऊच दिला नसता.

पुरवठादारांना मी अगदीच निर्दोष सोडत नाही. मिल आकाराने दादांपेक्षा कितीतरी मोठ्या आहेत. महिन्याचे वीस टन घेणारा माणूस त्यांच्या खिजगणतीत नसतो. आणि 2020 च्या अखेरीपासून 2021 मध्ये खरंच तसा काळ येऊन गेला. चीनने 1 जानेवारी 2021 पासून टाकाऊ कागदासकट घन कचऱ्याची आयात बंद केली, तिथल्या कारखान्यांना कच्चा माल हवाच होता, आणि भारतातल्या मिल क्राफ्टचे रोल तिकडे पाठवू लागल्या. तेव्हा दादा ॲडव्हान्स देऊनही गाडीची वाट बघत बसले होते. माल कोणाला द्यायचा हे मिल ठरवत होती. त्या वर्षाचं प्रकरण लिहिलं असतं तर सतरा जणांचं उत्तर बरोबर ठरलं असतं. फरक दराच्या आकड्यात नाही, माल मिळतो की नाही यात आहे. यंदा दादांकडे चार डीलरचे फोन होते, आणि एकाने दर चढवला की दुसऱ्याला फोन लावला जात होता. मिल बदलली की ओलाव्याचा थोडा फरक पडतो, एखादा दिवस शीट वाकड्या होतात, मग सेटिंग जमतं. बदलायचा खर्च म्हणजे तेवढाच.

‘चुरस’ लिहिणाऱ्या पाच जणांशी मला जास्त वेळ वाद घालावा लागला, कारण त्यांचं पूर्ण चूक नव्हतं. त्यातला एक जण स्वतः महाप्याच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. तो म्हणाला, "सर, बॉक्सवाले एकमेकांचे रेट तोडतात म्हणून तर आम्हाला स्वस्त मिळतं. आम्ही काय करतो? नुसतं विचारतो."

मी त्याला म्हटलं, नुसतं विचारतो म्हणजे काय ते सांग. मग त्याने सांगितलं तसं: सहा जणांकडून कोटेशन मागवायचं, सगळ्यात कमीचा आकडा बाकीच्यांना फोनवर ऐकवायचा, आणि ‘बघा, जमतंय का’ म्हणायचं. वर्ग हसला. मी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. शेजाऱ्याने मशीन रिकामं पडू नये म्हणून स्वतःहून दर पाडला, तर ती चुरस. खरेदीदाराने एकाचा आकडा दुसऱ्याला ऐकवून दर पाडून घेतला, तर ती खरेदीदाराची ताकद, आणि चुरस ही त्याच्या हातातली काठी. सुरुवात कोणी केली, हे बघायचं. दादांच्या बाबतीत दर पाडण्याची सुरुवात प्रत्येक वेळी त्या मेलने झाली होती. तरी मी कबूल केलं की सेमी-ऑटो प्लांट टाकणं इतकं सोपं नसतं आणि दर दोन वर्षांनी नवा बॉक्सवाला उभा राहत नसता, तर त्या काठीत एवढा जोर राहिला नसता. बलं अशी एकमेकांच्या खांद्यावर उभी असतात. परीक्षेत एकच नाव लिहायचं असतं म्हणून मुख्य बल शोधायचं, इतकंच.

दर हा ताकदीचा फक्त एक चेहरा आहे. दुसरा चेहरा येणेबाकीत दिसतो, आणि तो विद्यार्थी कधीच बघत नाहीत, कारण प्रकरणात ‘किंमत’ हा शब्द आला की डोकं तिथेच थांबतं. दादा पेपरचे पैसे पंधरा दिवसांत देतात. कंपनी 90 दिवसांनी देते. मधले 75 दिवस बँकेच्या 12 टक्क्यांनी मोजले तर 29 रुपयांच्या बॉक्सवर सुमारे 70 पैसे जातात. पेपर महागण्यापूर्वी जे 1 रुपया 74 पैसे उरत होते, त्यातले हे 70 पैसे आधीच कंपनीच्या खिशात होते. म्हणजे दरवाढीच्या कितीतरी आधीपासून हे बल काम करत होतं, फक्त ते दरपत्रकात दिसत नव्हतं.

कायदा दादांच्या बाजूने आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, नाही तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. आयकर कायद्यातल्या 43बी(एच) या कलमाने 2023-24 पासून आणखी चिमटा काढला: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही. मी दादांना म्हटलं, व्याजाची मागणी करा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांना कारखाना विकायला सांगतोय. "सर, व्याज मिळेल एकदा. पुढची पीओ, म्हणजे ऑर्डर, कोण देईल?" खरेदीदाराची ताकद कायद्याने कमी झालेली नसते, फक्त कागदावर कमी दिसते, हे मला त्या एका वाक्याने जेवढं कळलं तेवढं पाठ्यपुस्तकाने शिकवलं नव्हतं.

दोन छोट्या चकव्यांचा उल्लेख करून ठेवतो, कारण परीक्षेत तेच विचारले जातात. वाटाघाटी तापल्या तेव्हा परचेसवाले म्हणाले होते, "फार ताणलंत तर आम्हीच बॉक्सची लाइन टाकू." पुष्कळ विद्यार्थी याला ‘नव्याने येणाऱ्यांचा धोका’ म्हणतात. इथे येणारा आपलाच गिऱ्हाईक आहे आणि धमकी दर पाडण्यासाठी दिलेली आहे, म्हणून ती खरेदीदाराच्या ताकदीतच मोजायची. उलट त्याच कंपनीने भिवंडीच्या गोदामापर्यंतच्या वाहतुकीसाठी प्लॅस्टिकचे परत येणारे क्रेट वापरून पाहिले, तो मात्र पर्यायाचा धोका. क्रेट बनवणारा बॉक्सवाला नाही, तो दुसऱ्याच धंद्यातला, पण माल फुटू नये ही गरज तोच भागवतो. क्रेट परत आणायला टेम्पो रिकामा धावतो म्हणून तो प्रयोग एवढ्या एका फेरीपुरताच राहिला. नाही तर पर्यायाने दादांच्या दरावर वरून झाकण बसवलं असतं.

या सगळ्या विश्लेषणात एक गोष्ट माझ्या मुद्द्याला आडवी जाते, ती दडवून ठेवत नाही. खर्चात ज्या वस्तूचा वाटा छोटा, तिच्या दराकडे खरेदीदार सहसा दुर्लक्ष करतो असं पोर्टर सांगतात. 29 रुपयांच्या बॉक्समध्ये दीड-दोन हजारांचा माल जातो. मग एका रुपयासाठी 61 दिवस भांडण का? मला वाटतं, परचेसच्या साहेबाचं वर्षाचं मूल्यमापन ‘बचत किती केली’ यावर होतं, आणि दर बॉक्सला एक रुपया म्हणजे दादांच्या एकट्याच्या खात्यात वर्षाला 2 लाख 64 हजार. कंपनीला तो रुपया दिसत नाही, त्या टेबलावरच्या माणसाला दिसतो. चौकट धंद्याची आहे, पण सौदा माणूस करतो.

वर्ग संपल्यावर तो महाप्याचा मुलगा थांबला आणि म्हणाला, "सर, मग दादांनी करायचं काय?"

जे केलं ते असं. जूनमध्ये नव्या पीओच्या वेळी दादांनी मी लिहून दिलेला एक मुद्दा पुढे ठेवला: पेपर किलोमागे 2 रुपयांहून जास्त हलला, तर बॉक्सचा दर दोन्ही बाजूंनी, त्याच पंधरवड्यात, 680 ग्रॅमच्या हिशेबाने बदलायचा. खाली येतानाही तितक्याच तत्परतेने उतरवू, हे त्यांनी स्वतःहून लिहिलं. परचेसवाल्यांनी ‘पंधरवडा’ खोडून ‘तिमाही’ केलं, बाकीचं ठेवलं. तिमाही म्हणजे पुन्हा तीन महिन्यांचा फटका. तरीही दादांनी सही केली, कारण आता दर मागायला परवानगी लागणार नव्हती. दुसरं म्हणजे फरसाणवाल्यांसाठी त्यांनी जुनं तीन-पदरी मशीन दुरुस्त करून वेगळं लावलंय, आणि गणपतीच्या आधी डोंबिवलीच्या नऊ नव्या दुकानांचे स्टिरिओ त्यांच्या कपाटात आलेत. त्या डब्याला मेहनत जास्त, सेटिंग दिवसातून चार वेळा बदलावं लागतं, आणि स्टिचिंगवाला रोज त्यावरून तक्रार करतो.